सणांची रजा आणि डायलिसिसची पाळी

भाद्रपद ते कार्तिक हे महिने लहान कार्यालयांत रजेच्या अर्जांचे असतात. मोठ्या आस्थापनेत चार माणसे एकदम गेली तरी काम थोडे मंदावते, पण थांबत नाही. पाच-सहा जणांच्या चमूत तीच चार माणसे गेली की दरवाजा बंद करावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो एक-दोन दिवस बंद ठेवता येतो आणि गिऱ्हाईक समजून घेते. काही ठिकाणी मात्र तसे करताच येत नाही. डायलिसिस केंद्र हे त्यांतले एक. तिथल्या रजेचा हिशेब नीट समजून घेतला, तर इतर कोणत्याही लहान चमूला सणासुदीच्या रजा कशा ठरवाव्यात हे कळते, कारण चुकीला तिथे जागाच नसते.

ज्याचे मूत्रपिंड काम करेनासे झाले आहे, अशा रुग्णाचे रक्त आठवड्यातून साधारण तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, यंत्राने शुद्ध करावे लागते. काही रुग्ण सोमवार-बुधवार-शुक्रवार येतात, तर काही मंगळवार-गुरुवार-शनिवार. रविवारी केंद्र बंद असते. त्यामुळे प्रत्येक गटाच्या वाट्याला आठवड्यातून एकदा मोठे अंतर येते. पहिला गट शुक्रवारनंतर थेट सोमवारी मशीनवर येतो आणि दुसरा शनिवारनंतर मंगळवारी. या काळात अंगात पाणी साठते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदयावर ताण येतो. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासात, या मोठ्या अंतरानंतरच्या दिवशी मृत्यूंचे आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त आढळले होते. म्हणजे नेहमीच्या वेळापत्रकातही सोमवार आणि मंगळवार हे जोखमीचे दिवस असतात.

आता २०२६ ची दिनदर्शिका पाहा. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. दसरा २० ऑक्टोबरला, मंगळवारी. दिवाळीचा पाडवा १० नोव्हेंबरला, तोही मंगळवारी. तिन्ही मोठे सण नेमके त्या-त्या गटाच्या मोठ्या अंतरानंतरच्या पहिल्याच दिवशी आले आहेत. चतुर्थीला केंद्र बंद ठेवले, तर शुक्रवारी ११ तारखेला डायलिसिस घेतलेल्या रुग्णाची पाळी बुधवारी १६ तारखेला येईल. मंगळवारी त्याला घेता येत नाही, कारण त्या दिवशी दुसऱ्या गटाने सगळी यंत्रे भरलेली असतात. तीन दिवसांचे अंतर पाच दिवसांचे होते आणि त्याचा धोका रजा देणारा नव्हे, रुग्ण सोसतो.

रजेचे नियोजन करताना आपण बहुधा ‘कोणाला कधी जायचे आहे?’ या प्रश्नापासून सुरुवात करतो. अर्ज येतात, ते एकमेकांशी जुळवले जातात, भांडण होते आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची नोकरी जुनी, त्याला रजा मिळते. खरी सुरुवात उलट्या टोकाने व्हायला हवी. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणते काम रिकामे राहू शकत नाही हे आधी कागदावर यावे. त्यातून रोज किती माणसांना मोकळे करता येते हा आकडा निघतो. तो सगळ्यांना दिसेल असा लावावा आणि मगच अर्ज मागवावेत.

एक उदाहरण घेऊन हे नीट मांडू. समजा, पनवेलसारख्या शहरात आठ यंत्रांचे एक केंद्र आहे. दिवसाला रुग्णांच्या तीन पाळ्या होतात : सकाळी सात ते अकरा, दुपारी बारा ते चार आणि संध्याकाळी पाच ते नऊ. एका पाळीत आठ रुग्ण, म्हणजे दिवसाला चोवीस. दोन गट मिळून अठ्ठेचाळीस रुग्ण या केंद्रावर अवलंबून आहेत. टेक्निशियनच्या दोन ड्यूट्या आहेत : सकाळी सहा ते दोन आणि दुपारी दोन ते रात्री दहा. एका टेक्निशियनने एका वेळी चार रुग्ण सांभाळायचे असे धरले, तर प्रत्येक ड्यूटीला दोघे लागतात. म्हणजे दिवसाला चार ड्यूट्या आणि सोमवार ते शनिवार मिळून चोवीस.

या केंद्रात पाच टेक्निशियन आहेत. प्रत्येकाने आठवड्यातून सहा दिवस काम केले, तर तीस ड्यूट्या उपलब्ध होतात. लागतात चोवीस. शिल्लक उरतात सहा, म्हणजे रोज एक माणूस मोकळा. रजा, आजारपण, घरचे लग्न, मुलाची शाळा हे सगळे या सहा ड्यूट्यांतूनच भागवायचे. वर्षभराचा विचार केला तर अडचण दिसत नाही. वर्षाला तीनशेहून अधिक ड्यूट्या शिल्लक राहतात आणि पाच जणांच्या सगळ्या रजा मिळून त्याच्या निम्म्याच्या आसपास जातात. म्हणूनच मालकाला वाटते की माणसे पुरेशी आहेत, आणि ते खोटेही नाही. पण जूनमध्ये न वापरलेली मोकळी ड्यूटी सप्टेंबरसाठी साठवून ठेवता येत नाही. रजेची मागणी वर्षभर पसरलेली नसते, ती तीन-चार आठवड्यांत एकवटते. वार्षिक बेरजेवर विसंबणारी व्यवस्था नेमकी त्याच आठवड्यांत मोडते.

आता मागण्या बघू. पहिला टेक्निशियन सर्वांत अनुभवी आणि कुडाळचा आहे. घरचा गणपती आहे, त्यामुळे त्याला शनिवार १२ पासून गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत, १९ तारखेपर्यंत रजा हवी. दुसरा रत्नागिरीचा, त्यालाही तीच तारीख ते तीच तारीख. तिसरीच्या सासरी गौरी बसतात. तिला आवाहन, पूजन आणि विसर्जन असे १७, १८ आणि १९ हे तीन दिवस हवेत. चौथा अमरावतीचा. तो इथे भाड्याच्या खोलीत राहतो, पण चतुर्थीची सुट्टी त्यालाही हवीच आहे. पाचवी वसईची ख्रिस्ती मुलगी. तिला सप्टेंबरमध्ये काहीच नको, नाताळ हवा.

चतुर्थीच्या आठवड्यात, सोमवार ते शनिवार, सोळा ड्यूट्यांची रजा मागितली गेली आहे आणि मोकळ्या आहेत फक्त सहा. तूट दहांची. शनिवार १२ ची एक धरली तर अकरांची. हा आकडा समोर नसतो तेव्हा प्रत्येकाला आपला अर्ज रास्त आणि दुसऱ्याचा जास्तीचा वाटतो. आकडा समोर आला की चर्चेचा सूरच बदलतो. आपल्या पाच जणांना अकरा ड्यूट्यांची वाट काढायची आहे, हे सगळ्यांना एकदम कळते.

वाट काढण्याचे पहिले साधन म्हणजे तारखेऐवजी वेळ विचारणे. सणाचा पूर्ण दिवस प्रत्येकाला लागतोच असे नाही. गौरींचे आवाहन अनेक घरांत दुपारनंतर होते, मग सकाळची ड्यूटी करून दोन वाजता निघालेली सून वेळेत घरी पोहोचते. लक्ष्मीपूजन संध्याकाळचे असते. भाऊबीज दिवसभरात केव्हाही करता येते. दसऱ्याची पूजा सकाळी उरकली की दुपारी मोकळीक मिळते. अनंत चतुर्दशीला मिरवणुकांमुळे संध्याकाळी रस्ते बंद होतात, म्हणून त्या दिवशी दुपारच्या ड्यूटीला जवळ राहणाराच माणूस लावावा. अर्जावर ‘१७ ते १९’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा हे काहीच दिसत नाही. ‘कोणते तास घरी असणे आवश्यक आहे?’ असा रकाना अर्जात घातला, तर काही मागण्या रजेशिवाय, नुसत्या ड्यूटीच्या अदलाबदलीतून भागतात. आपल्या उदाहरणात तिसरीची १७ तारीख अशीच सुटते. ती सकाळची ड्यूटी करते आणि १८ व १९ रजा घेते.

दुसरे साधन म्हणजे वर्षागणिक पाळी. कुडाळ आणि रत्नागिरी, दोन्ही घरच्या गणपतीला सारखेच महत्त्व आहे. त्यांत सेवाज्येष्ठता लावली तर धाकटा माणूस दर वर्षी मागे राहतो. ‘आधी अर्ज, आधी रजा’ हा नियम दिसायला निष्पक्ष आहे, पण त्यात ज्याला नियमाची वाट ठाऊक आहे तो दर वेळी जिंकतो. त्याऐवजी एक साधी वही ठेवावी. कोणत्या वर्षी कोणत्या सणाला कोणाला पूर्ण रजा मिळाली, कोण अपुऱ्या रजेवर परतला आणि कोण थांबला, एवढ्या नोंदी तीत असाव्यात. समजा, मागच्या वर्षी कुडाळचा टेक्निशियन थांबला होता. मग यंदा त्याला १२ ते १९ पूर्ण मिळेल. रत्नागिरीचा १२ ला जाईल, चतुर्थी आणि दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन घरी करेल, १६ ला परत येईल आणि १७ ला कामावर रुजू होईल. पुढच्या वर्षी उलट, आणि यंदाच्या दिवाळीत पहिली निवड त्याची. चौथा चतुर्थीला कामावर येईल, कारण त्याची खरी गरज दिवाळीत अमरावतीला जाण्याची आहे आणि तिथे त्याला प्राधान्य आहे.

आता पुन्हा मोजू. १२, १४, १५ आणि १६ या चार दिवशी दोघे रजेवर, म्हणजे रोज एक ड्यूटी कमी. १७ ला फक्त एक जण बाहेर, तूट नाही. १८ आणि १९ ला दोघे बाहेर, पुन्हा एकेक कमी. अकरांची तूट सहांवर आली, आणि या सहा ड्यूट्या सहा वेगळ्या दिवशी आहेत. म्हणजे बाहेरून एकच टेक्निशियन आणला तरी त्या भरतात. १७ तारखेलाही त्याला बोलावून ठेवले, तर त्या दिवशी कोणी आजारी पडल्यास आधार राहतो. एरवी चार्टवर नसलेला केंद्राचा इन्चार्ज हा शेवटचा राखीव माणूस. म्हणून त्या आठवड्यात त्याने स्वतः रजा घेऊ नये. कोकणातून परतणाऱ्याला परतीच्या दिवशी सकाळची ड्यूटी कधीही लावू नये. गाडी उशिरा आली किंवा महामार्गावर कोंडी झाली, तर सकाळी सातची पाळी त्याच्यासाठी थांबत नाही. रत्नागिरीच्या टेक्निशियनला १६ तारीख रिकामी दिली आहे ती त्याचसाठी.

बाहेरचा माणूस आणणे हे ऐकायला सोपे वाटते, पण तेही आधी ठरवावे लागते. जवळपासच्या दोन-तीन केंद्रांशी आधीच बोलून ठेवले, तर एकमेकांना माणूस देता येतो. पण सगळ्यांचे सण एकाच दिवशी येत असल्याने ऐन आठवड्यात फोन केला तर नकारच मिळतो. शिवाय यंत्रांचे मॉडेल वेगळे असते, जंतुनाशनाची पद्धत वेगळी असते आणि रुग्णही अनोळखी असतात. म्हणून येणाऱ्याला ऑगस्टमध्ये एक दिवस केंद्रातल्याच टेक्निशियनबरोबर काम करू द्यावे. त्या दिवसाचा पगार हा खर्च आहे, पण तो टाळला तर चतुर्थीच्या सकाळी तो माणूस यंत्रासमोर प्रश्न विचारत उभा राहील.

इथपर्यंत आपण फक्त माणसे मोजली. त्यातली खरी अडचण १८ आणि १९ तारखेला दिसते. डायलिसिससाठी बहुतेक रुग्णांच्या हातावर शस्त्रक्रियेने रोहिणी आणि नीला जोडून फिस्टुला केलेला असतो आणि प्रत्येक वेळी त्यात दोन सुया घालाव्या लागतात. जुना, चांगला फुगलेला फिस्टुला कोणीही सरावलेला टेक्निशियन सांभाळतो. नवा, खोल किंवा नाजूक फिस्टुला मात्र अनुभवी हातानेच टोचावा लागतो. सुई चुकली तर रक्त आजूबाजूच्या भागात पसरते, हात सुजतो आणि पुढच्या पाळ्यांचीही पंचाईत होते. आपल्या केंद्रात अशा अवघड हातांची खात्री असलेले दोघेच आहेत, कुडाळचा आणि गौरीवाली. १८ आणि १९ ला दोघेही रजेवर आहेत. चार्टवर चार ड्यूट्या भरलेल्या दिसतात, पण अवघड फिस्टुला असलेल्या रुग्णासाठी त्या दिवशी केंद्र रिकामेच आहे.

पाण्याचेही तसेच. डायलिसिसच्या एका पाळीत रुग्णाच्या रक्ताचा शंभराहून अधिक लिटर पाण्याशी पातळ पडद्याआडून संबंध येतो. म्हणून आरओ प्लांटमधून येणाऱ्या पाण्यातील क्लोरीन आणि क्लोरामाइन यांची तपासणी रोज, पाळी सुरू होण्यापूर्वी करायची असते. प्लांटचा अलार्म वाजला की काय करायचे, कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा आणि कोणाला फोन करायचा, हे एकाच माणसाला ठाऊक असेल, तर त्या माणसाची रजा ही केंद्राची रजा होते.

म्हणून चार्टच्या शेजारी आणखी एक तक्ता हवा. उभ्या रकान्यात माणसे, आडव्या ओळींत कामे : अवघड फिस्टुला, पाण्याची तपासणी आणि प्लांट, रुग्ण अचानक कोसळला तर पहिली पाच मिनिटे, औषधे व डायलायझरचा साठा, विम्याची व सरकारी योजनेची कागदपत्रे. ज्या ओळीत एकच खूण असेल तिथे धोका आहे. तो सप्टेंबरमध्ये दूर होत नाही, जून आणि जुलैमध्ये होतो. रत्नागिरीच्या टेक्निशियनला या दोन महिन्यांत अनुभवी सहकाऱ्याच्या नजरेखाली अवघड फिस्टुला हाताळू दिले, तर १८ आणि १९ ची अडचण सुटते. तोवर पूर्ण खात्री होत नसेल, तर त्या दोन दिवशी इन्चार्जने ती पाळी घ्यावी आणि अवघड हातांचे सगळे रुग्ण एकाच पाळीत आणावेत. माणसांना एकमेकांचे काम शिकवणे हा रजा देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. बहुतेक लहान चमूंत तो वापरला जात नाही, कारण ज्या महिन्यांत वेळ असतो त्या महिन्यांत गरज जाणवत नाही.

वेळापत्रकात आणखी एक तारीख पक्की धरावी लागते आणि ती रेल्वे ठरवते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडते, पूर्वी ते एकशे वीस दिवस आधी उघडायचे. १२ सप्टेंबरच्या कोकणातल्या गाडीचे आरक्षण १४ जुलैला उघडते आणि गणपतीच्या गाड्या पाहता पाहता भरतात. रजा मंजूर व्हायला ऑगस्ट उजाडला, तर टेक्निशियनसमोर दोनच पर्याय उरतात : मंजुरीआधीच तिकीट काढायचे किंवा गावी जाण्याची आशा सोडायची. बहुतेक जण पहिला मार्ग धरतात आणि मग इन्चार्ज म्हणतो, ‘तिकीट काढून मोकळे झालात, आता मला विचारताय कशाला?’ हा वाद स्वभावाचा नाही, उशिराचा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात रिकाम्या ड्यूट्यांचा तक्ता लावावा, महिनाअखेरपर्यंत पसंती घ्याव्यात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात गणपतीच्या रजा लेखी कळवाव्यात. दिवाळीची फेरी त्याच हिशेबाने ऑगस्टच्या अखेरीस संपवावी.

दिवाळीचे गणित वेगळे आहे, कारण तिथे रुग्णांकडूनही कामाचा भार वाढतो. लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे केंद्र तसेही बंद. पण सोमवारी येणारा गट शुक्रवारनंतर, मोठ्या अंतरानंतर आणि फराळानंतर येणार आहे. चिवडा-शेवेतले मीठ तहान वाढवते, सुकामेवा आणि खोबरे पोटॅशियम वाढवतात, पाहुण्यांबरोबर दोन कप चहा जास्त होतो. वजन नेहमीपेक्षा जास्त भरलेला आणि धाप लागलेला रुग्ण त्या सोमवारी आला, तर त्याच्याजवळ कोणीतरी सतत थांबावे लागते. म्हणून अमरावतीचा टेक्निशियन रजेवर असताना ९ तारखेला दुसरी कोणतीही रजा देऊ नये. सणाच्या दिवसाचे भान सगळ्यांनाच असते, सणानंतरच्या दिवसाचे बहुतेकांच्या हिशेबातून निसटते. बुधवारच्या भाऊबिजेला तिसरी टेक्निशियन सकाळची ड्यूटी करून भावाकडे जाईल. पाडव्याला रत्नागिरीच्या माणसाची पहिली निवड पाळायची, तर त्या एका दिवसासाठी बाहेरचा टेक्निशियन पुन्हा लागेल. त्याचे नाव सप्टेंबरमध्येच कळलेले असते, त्यामुळे दुसऱ्यांदा हे काम सोपे जाते.

वसईच्या टेक्निशियनचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिला गणपतीत आणि दिवाळीत रजा नको, म्हणून प्रत्येक तूट तिच्याच नावावर टाकण्याचा मोह होतो. ती सलग तीन महिने एकही जोडसुट्टी न घेता काम करते आणि नाताळ आला की ‘वर्षअखेरीची कामे आहेत’ असे तिला ऐकवले जाते. हे अन्यायाचे आहे आणि चमूच्या दृष्टीने धोक्याचेही, कारण असा माणूस जानेवारीत राजीनामा देतो. २०२६ मध्ये नाताळ शुक्रवारी आहे. २४ ते २६ डिसेंबर तिच्या नावावर जुलैमध्येच लिहावेत, इतरांच्या गणपतीबरोबर आणि तेवढ्याच पक्क्या शाईने. गणपती आणि नवरात्र यांच्यामध्ये, २६ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या पंधरवड्यात, रजेची मागणी उतरते. एखाद्या दिवसाचे श्राद्ध सोडले तर फारसे अर्ज नसतात. गणपतीत कामावर थांबलेल्यांना या काळात सलग चार-पाच दिवस द्यावेत.

कायद्याचा आधार काय आहे, तेही पाहू. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आहे आणि आधीच्या वर्षी पुरेसे दिवस काम केलेल्यांना दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा आहे. तिचा साठा पंचेचाळीस दिवसांपर्यंत करता येतो. सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. या आठांपैकी कोणत्याही दिवशी कामावर बोलावले, तर त्या दिवसाचा दुप्पट पगार आणि शिवाय बदली सुट्टी द्यावी लागते. कायदा ठरावीक कामगारसंख्येच्या वरच्या आस्थापनांना लागू होतो, त्यामुळे पाच जणांचे स्वतंत्र केंद्र त्याच्या कक्षेबाहेर राहू शकते. तरीही हे मोजमाप प्रामाणिक आहे आणि लहान मालकानेही ते स्वीकारावे. चतुर्थीला कामावर येणाऱ्या चौथ्या टेक्निशियनला दुप्पट पगार आणि बदली सुट्टी मिळाली, तर थांबणे ही शिक्षा उरत नाही. त्या चार सुट्ट्या ठरवताना दिनदर्शिका समोर ठेवावी. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन रविवारी आहे. ती सुट्टी यादीत घातली तर रविवारी बंद राहणाऱ्या केंद्रातल्या कामगारांची एक सुट्टी वाया जाते, पाडवा घातला तर हाती लागते.

योजना फसत असेल तर ते कसे ओळखायचे? केंद्र बंद पडण्याची वाट पाहायची गरज नाही. पहिली खूण डायलिसिसच्या नोंदवहीत सापडते. प्रत्येक रुग्णाला मशीनवर लावल्याची आणि काढल्याची वेळ तिच्यात लिहिलेली असते. माणसे कमी पडली की चार तासांची पाळी साडेतीन तासांची होते. कोणी तसा निर्णय घेत नाही, पुढच्या पाळीची घाई आपोआप तो घेऊन टाकते. गणपतीच्या आठवड्यातले सरासरी तास ऑगस्टच्या आठवड्याशी ताडून पाहिले की चार्टवर न दिसलेली तूट दिसते. दुसरी खूण म्हणजे ऐन सणाच्या सकाळी फोनवरून आलेल्या आजारपणाच्या रजा. त्या वाढल्या असतील तर माणसे खोटे बोलतात असा निष्कर्ष काढण्याआधी, त्यांनी खरे सांगून मागितलेली रजा का मिळाली नाही हे तपासावे. तिसरी खूण म्हणजे न घेतलेल्या बदली सुट्ट्यांचा ढीग. तो एकाच माणसाच्या नावावर साठत असेल, तर सगळ्यांची रजा तो एकटा फेडतो आहे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. हा सगळा हिशेब पाच माणसांवर उभा आहे. त्यांपैकी एकाने ऑगस्टमध्ये नोकरी सोडली, तर चौघे उरतात, चोवीस ड्यूट्या उपलब्ध आणि चोवीसच लागणार. मोकळी ड्यूटी शून्य. मग वेळ विचारण्याने, पाळी लावण्याने किंवा वहीने काही साधत नाही, कारण वाटायलाच काही नाही. तेव्हा उरलेल्यांना ‘थोडे समजून घ्या’ असे सांगणे म्हणजे भरतीचा खर्च त्यांच्या सणांतून वसूल करणे होय. मोकळ्या ड्यूट्या शून्यावर आल्या की दुसऱ्याच दिवशी जाहिरात द्यावी, आणि माणूस मिळेपर्यंत नवे रुग्ण घेणे थांबवावे. आठवड्याला सहा मोकळ्या ड्यूट्यांचा पगार ही उधळपट्टी नव्हे. अठ्ठेचाळीस रुग्णांना वेळेवर डायलिसिस आणि पाच माणसांना त्यांचा सण, हे दोन्ही त्याच सहा ड्यूट्यांतून मिळते. ज्या मालकाला त्या परवडत नाहीत, त्याने आठवे यंत्र चालवू नये.